पोल मध्यंतरात असताना मुख्य मूल्य दर वेळी वेगळं येतंय? आधी छेद तपासा

तक्रार साधारण अशी असते. संकलनाच्या मध्यंतरात एक साधा पोल आहे, म्हणजे तिथल्या एका बिंदूवर भाजक शून्य होतो आणि फलन अनंताकडे जातं. पुस्तक म्हणतं की डावीकडचं उणे अनंत आणि उजवीकडचं अधिक अनंत एकमेकांना काटतात, म्हणून कॉशीचं मुख्य मूल्य, म्हणजे प्रिन्सिपल व्हॅल्यू, घ्या. प्रोग्राम लिहिला, चालवला, काहीतरी आकडा आला. अचूकता वाढवायला बिंदू थोडे वाढवले तर भलताच आकडा आला. आणखी वाढवले तर चिन्हच बदललं. यावर बहुतेक जण बिंदू आणखी वाढवत बसतात, आणि त्याने काहीच होत नाही. बिंदू कितीही वाढवले तरी ही चूक कमी होत नाही, कारण ती बारकाईची चूक नाही. पोलच्या दोन्ही बाजूंना आपण किती जागा सोडून छेद घेतला, यातून ती येते.

एकच उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत त्यालाच धरून राहू:

```
I = PV ∫ e^x / (x - 1) dx,   x = 0 ते 3
```

पोल x = 1 वर आहे. अंशातलं फलन g(x) = e^x, म्हणून पोलवरचा रेसिड्यू, म्हणजे पोलजवळ 1/(x − 1) ला येणारा गुणक, g(1) = e = 2.71828. हे उदाहरण मुद्दाम निवडलं आहे, कारण पोल मध्यंतराच्या मधोमध नाही. डावीकडे त्याला १ एकक जागा आहे आणि उजवीकडे २. पोल बरोबर मध्यावर असला की बऱ्याच चुका आपोआप झाकल्या जातात. तिथे चाचणी घेऊन प्रोग्राम ठीक आहे असं मानलं जातं आणि खऱ्या कामात तो फसतो.

आधी खरं उत्तर हातात असू द्या

पोलभोवती जितकं सममित मध्यंतर मिळेल तितकं वेगळं काढा. इथे ते ० ते २ आहे, त्रिज्या १. त्यात x = 1 + u आणि x = 1 − u हे दोन बिंदू जोडीने घ्या. डावीकडच्या बिंदूवर भाजक −u आहे, उजवीकडच्यावर +u, म्हणून जोडीची बेरीज अशी होते:

```
(e^(1+u) - e^(1-u)) / u  =  2e · sinh(u)/u
```

u शून्याकडे गेला की ही बेरीज 2e कडे जाते. अनंत कुठेच उरलं नाही. आता sinh(u)/u = 1 + u²/6 + u⁴/120 + … याचं ० ते १ संकलन हाताने करता येतं: 1 + 1/18 + 1/600 + 1/35280, म्हणजे १.०५७२५. त्याला 2e ने गुणलं की ५.७४७८. उरलेला भाग २ ते ३ मध्ये आहे. तिथे पोलच नाही, त्यामुळे कुठल्याही साध्या पद्धतीने तो ८.३१५५ येतो. एकूण १४.०६३४. एक्स्पोनेन्शियल इंटिग्रलच्या भाषेत हेच उत्तर e·(Ei(2) − Ei(−1)) आहे, आणि तिथूनही १४.०६३३५ येतं. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला, म्हणून पुढच्या प्रत्येक प्रयोगाला हीच कसोटी लावू.

काय कटलं आणि काय उरलं, हे इथेच नीट बघून घ्यावं. जोडीत फक्त g(1)/u हा विषम भाग कटला. अंशाच्या उतारातून येणारा g′(1) हा भाग दोन्ही बाजूंना सारख्याच चिन्हाचा आहे. तो कटत नाही, त्याची बेरीज होते. “दोन्ही बाजू कटतात, म्हणून पोलजवळचा तुकडा टाकून दिला तरी चालतो” असं सर्रास म्हटलं जातं, पण ते पूर्ण खरं नाही. 1 − ε ते 1 + ε एवढा तुकडा टाकला तर साधारण 2ε·g′(1) एवढं उत्तर त्याच्याबरोबर जातं. ε = ०.०१ असेल तर हे ०.०५४ आहे, म्हणजे १४.०६३ ऐवजी १४.००९. ही चूक तशी निरुपद्रवी, कारण ε निम्मा केला की तीही निम्मी होते: १४.००९, मग १४.०३६, मग १४.०५०. त्रास देणारी चूक वेगळीच आहे.

तीन वेगवेगळी उत्तरं कुठून येतात

नेहमीचा प्रोग्राम असा असतो. मध्यंतराचे N सारखे कप्पे करायचे, प्रत्येक कप्प्याच्या मध्यबिंदूवर फलनाची किंमत काढायची आणि बेरजेला कप्प्याच्या रुंदीने गुणायचं.

```python
import numpy as np

g = np.exp
a, lo, hi = 1.0, 0.0, 3.0

def mid(N):
    h = (hi - lo) / N
    x = lo + (np.arange(N) + 0.5) * h
    return h * np.sum(g(x) / (x - a))

for N in (300, 301, 302):
    print(N, mid(N))
```

३०० कप्प्यांना १४.०६३ येतं, ३०१ ला २८.८५५ आणि ३०२ ला −०.७२८. ३०३ ला पुन्हा १४.०६३. तीन हजार घ्या नाहीतर तीन लाख घ्या, हे तीनच आकडे आळीपाळीने येत राहतात. शून्याने भागाकार होत नाही, इशारा येत नाही, आणि प्रत्येक आकडा सुटा पाहिला तर विश्वासार्ह वाटतो. ज्याने फक्त ४०० आणि १००० असे कप्पे वापरून पाहिले त्याला दोन्ही वेळा २८.८५५ मिळेल, कारण दोन्ही आकड्यांना ३ ने भागलं की १ उरतो. “उत्तर स्थिरावलं” असं तो खुशाल लिहून मोकळा होईल.

कारण असं. पोल डाव्या टोकापासून एकतृतीयांश अंतरावर आहे. N ला ३ ने भाग जात असेल तर पोल दोन कप्प्यांच्या सीमेवर बसतो. डावीकडचा पहिला बिंदू पोलपासून अर्धा कप्पा दूर, उजवीकडचाही अर्धा कप्पा दूर. जोड्या जुळतात आणि विषम भाग बरोबर कटतो. भाग जाताना १ उरला तर पोल कप्प्याच्या आत, डाव्या कडेपासून एकतृतीयांशावर पडतो. आता उजवीकडचा सगळ्यात जवळचा बिंदू कप्प्याच्या एकषष्ठांश अंतरावर आहे आणि डावीकडचा पाचषष्ठांश. उजवीकडचा तो एकच बिंदू बेरजेत 6·g(1) एवढी भर घालतो, आणि तिला तोडीस तोड उत्तर डावीकडे नाही. कप्पे बारीक केले की बिंदू पोलच्या जवळ जातात, फलनाची किंमत वाढते, कप्प्याची रुंदी त्याच प्रमाणात घटते, आणि गुणाकार जिथल्या तिथे राहतो. म्हणून बारकाई इथे कामाला येत नाही.

सगळ्या बिंदूंची बेरीज केली तर या चुकीचं नेमकं सूत्र मिळतं. पोल ज्या कप्प्यात पडला, त्याच्या डाव्या कडेपासूनचं अंतर कप्प्याच्या रुंदीच्या s पट असेल, तर मध्यबिंदू पद्धतीत जास्तीची भर अशी:

```
चूक = g(a) · π · tan(π s)
```

s = 0 असेल तर चूक शून्य. s = 1/3 असेल तर π√3 = ५.४४१, गुणिले e, म्हणजे १४.७९१. ती १४.०६३ मध्ये मिळवली की २८.८५५, आणि s = 2/3 साठी वजा केली की −०.७२८. आपले तिन्ही आकडे इथून हुबेहूब निघतात. s = 1/2 असेल तर पोल थेट मध्यबिंदूवर येतो आणि प्रोग्राम अनंत दाखवतो. चुकीच्या स्थितींपैकी ही सगळ्यात सुखाची, कारण निदान काहीतरी बिघडलंय हे डोळ्यांना दिसतं.

या सूत्राचा निदानासाठी फार उपयोग होतो. दोन वेगळ्या N साठी आलेल्या उत्तरांची वजाबाकी करा आणि तिला रेसिड्यूने भागा. भागाकार N वाढवूनही तोच राहिला, तर बिंदू पोलभोवती विषम पडलेत हे नक्की समजा.

सिम्पसनचा नियम वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पोल दोन बिंदूंच्या बरोबर मध्ये बसवला तरी तिथे भागत नाही. सिम्पसनमध्ये वजनं ४, २, ४, २ अशी आलटून पालटून येतात. म्हणजे पोलच्या एका बाजूच्या शेजाऱ्याला ४ चं वजन मिळतं आणि दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्याला २ चं. अंतरं सारखी असूनही जोडी फुटते. यातून येणारी चूक π/3 गुणिले रेसिड्यू एवढी असते, आपल्या उदाहरणात सुमारे २.८५, आणि तीही बारकाईने जात नाही. जास्त अचूक म्हणून ओळखला जाणारा नियम इथे साध्या मध्यबिंदूपेक्षा वाईट ठरतो.

दोन्ही बाजूंना सारखेच बिंदू दिले, तरी उत्तर चुकतं

वरचं वाचून पुष्कळ जण एक “शहाणा” उपाय करतात. ० ते १ आणि १ ते ३ असे दोन तुकडे करायचे आणि दोन्हींना सारखे, समजा हजार-हजार कप्पे द्यायचे. सममिती आली असं वाटतं. उत्तर १२.१७९ येतं, आणि N बदललं तरी ते जागचं हलत नाही. ही चूक जास्त धोक्याची, कारण आकडे डगमगत नाहीत. वागणं सगळं बरोबर उत्तरासारखं असतं.

इथे बिंदूंची संख्या सारखी आहे, पण अंतरं सारखी नाहीत. उजवीकडचा तुकडा दुप्पट लांब, म्हणून तिथला कप्पाही दुप्पट रुंद. पोलपासून डावीकडे जेवढी जागा सुटते, उजवीकडे तिच्या दुप्पट सुटते. डावीकडे ε आणि उजवीकडे kε सोडलं तर काय होतं ते g = 1 घेऊन लगेच दिसतं:

```
∫ dx/(x-1), 0 ते 1-ε      =  ln ε
∫ dx/(x-1), 1+kε ते 3     =  ln 2 - ln(kε)
बेरीज                     =  ln 2 - ln k
```

ε बेरजेतून निघून गेला, पण k तिथेच राहिला. k = 1 घेतलं तर ln 2, हेच मुख्य मूल्य. k = 2 घेतलं तर शून्य. k = 1/2 घेतलं तर ln 4. k मनाला येईल तसा घ्या आणि हवं ते उत्तर मिळवा. “अनंत अनंताला काटतं” हे वाक्य अपुरं आहे ते याचमुळे: किती उरेल हे दोन्ही बाजूंचे छेद कोणत्या प्रमाणात शून्याकडे गेले यावर ठरतं. k = 1 हा मुख्य मूल्याच्या व्याख्येचाच भाग आहे.

आपल्या उदाहरणात तुटीची रक्कम e·ln 2 = १.८८४. खरं उत्तर १४.०६३, त्यातून ती गेली की १२.१७९. तुमच्या हातातलं स्थिर उत्तर आणि दुसऱ्या पद्धतीचं उत्तर यांच्यातला फरक रेसिड्यूने भागून पाहा. ln((b−a)/(a−c)) मिळालं, म्हणजे उजव्या लांबीला डाव्या लांबीने भागून घेतलेलं लॉग, तर हेच झालं आहे. इथे c आणि b ही मध्यंतराची टोकं.

इथूनच चल बदलण्याची शंका निघते: x = t² असं प्रतियोजन केलं तर t मधला सममित छेद x मध्ये विषम होतो, मग मुख्य मूल्य बदलेल का? साध्या पोलच्या बाबतीत नाही. t = 1 ± δ घेतलं तर x मध्ये उजवीकडे 2δ + δ² आणि डावीकडे 2δ − δ² सुटतं. दोन्हींचं गुणोत्तर δ लहान होताना १ कडे जातं, त्याचं लॉग शून्याकडे, आणि उत्तर शाबूत राहतं. प्रतियोजनाचा उतार पोलवर अखंड आणि शून्येतर असला की पुरे. मात्र पोलच्या डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरं असं प्रतियोजन वापरलं आणि पोलवर दोन्हींचे उतार वेगळे असले, तर त्या उतारांचं गुणोत्तर म्हणजेच k, आणि त्याचं लॉग चुकीत येऊन बसतं. हजार-हजार कप्प्यांचा उपाय नेमका हाच प्रकार आहे.

पक्का उपाय: पोल वजा करा

सममित जाळं बसवण्याची कसरत दर वेळी करण्यापेक्षा पोलच बाहेर काढणं केव्हाही बरं. अंशातून त्याची पोलवरची किंमत वजा करायची आणि तेवढीच वेगळी मिळवायची:

```
I = ∫ (g(x) - g(a))/(x - a) dx  +  g(a) · ln((b - a)/(a - c))
```

पहिल्या संकलनात आता पोल नाही. x पोलकडे गेला की ते फलन शांतपणे g′(a) कडे जातं, त्यामुळे कुठलीही पद्धत, कुठलंही जाळं चालतं, सममिती लागत नाही. दुसरा भाग हे उघड सूत्र आहे, आणि मुख्य मूल्याची सगळी व्याख्या त्या एका लॉगमध्ये सामावली आहे. आपल्या आकड्यांत पहिला भाग १२.१७९१८, दुसरा १.८८४१७, बेरीज १४.०६३३५. पहिला भाग म्हणजे नेमकं मघाचं चुकीचं “स्थिर” उत्तर. सारखे कप्पे देणारा प्रोग्राम न सांगता पोल वजा करत होता आणि लॉग मिळवायचा विसरत होता.

```python
from scipy.integrate import quad

def rest(x):
    u = x - a
    return np.e * np.expm1(u) / u if u != 0 else np.e

I = quad(rest, lo, hi)[0] + g(a) * np.log((hi - a) / (a - lo))
print(I)
print(quad(g, lo, hi, weight='cauchy', wvar=a)[0])
```

दोन ओळी १४.०६३३५ वर जुळल्या पाहिजेत. rest मध्ये e^x − e असं सरळ न लिहिता `expm1` वापरलं आहे, त्याला कारण आहे. पोलच्या अगदी जवळ, समजा १०⁻¹⁰ अंतरावर, दोन जवळजवळ सारख्या संख्या वजा होतात. दुहेरी अचूकतेत पंधरा-सोळा अंकच असतात, त्यातले दहा वजाबाकीत जातात आणि हातात पाच-सहा उरतात. `expm1` ती वजाबाकी टाळतं. तुमच्या अंशासाठी असं तयार फलन नसेल तर पोलच्या फार जवळ g′(a) + g″(a)·u/2 ही किंमत थेट द्या.

शेवटच्या ओळीतली `weight='cauchy'` ही सोय क्वाडपॅक या जुन्या फोर्ट्रान संग्रहातल्या QAWC या उपप्रोग्रामवर चालते. ती पोल स्वतः सांभाळते, पण वापरताना एक घोळ वारंवार होतो. 1/(x − a) हा भाग ती स्वतः लावते, म्हणून तिला फक्त अंश g द्यायचा. सवयीने पूर्ण फलन e^x/(x−1) दिलं तर तिच्या हातात e^x/(x−1)² जातं, म्हणजे दुहेरी पोल, आणि त्याला मुख्य मूल्य नसतं. `points=[1]` दिल्यानेही पोल सुटत नाही. तो पर्याय फक्त मध्यंतर कुठे तोडायचं ते सांगतो, दोन्ही बाजूंचे छेद सारखे ठेवत नाही.

भाजक x − a असा उघड नसेल तर रेसिड्यू आधी काढावा लागतो. उदाहरणार्थ ० ते १ मध्ये 1/(cos x − x). इथे पोल a = ०.७३९०८५ वर आहे. रेसिड्यू १ नाही, तो भाजकाच्या विकलकाचा व्यस्त आहे: −1/(1 + sin a) = −०.५९७५. वजा करताना हा गुणक विसरला, तर पोल पूर्ण जात नाही, त्याचा काही भाग मागे उरतो आणि आकडे पुन्हा डगमगू लागतात. a सुद्धा शक्य तितक्या अंकांपर्यंत काढा. चार अंकांवर थांबलात तर वजा केलेला पोल आणि खरा पोल किंचित वेगवेगळ्या जागी राहतात आणि एकमेकांना काटत नाहीत. जाळं त्या फटीपेक्षा बारीक झालं की आतापर्यंत नीट वागणारं उत्तर एकाएकी उधळतं.

भौतिकशास्त्रातली मंडळी पोलला काल्पनिक दिशेने थोडं सरकवून 1/u ऐवजी u/(u² + η²) घेतात. हे चालतं, पण दोन अटींवर. जाळ्याचा कप्पा η पेक्षा बराच लहान हवा, नाहीतर मघाची tan वाली चूक परत येते. शिवाय η शून्य नसल्यामुळे उत्तरात सुमारे −π·η·g′(a) एवढी तूट राहते. आपल्या उदाहरणात η = ०.०१ ला ती −०.०८५ आहे, म्हणजे २ε चा तुकडा टाकण्यापेक्षाही थोडी जास्त. दोन-तीन η घेऊन शून्याकडे नेलं तर ती भरून काढता येते. पोल वजा करणं शक्य असताना या वाटेला जाण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

मुख्य मूल्यच नाही, हे कसं ओळखायचं

कधी कधी प्रोग्राम बरोबर असतो आणि प्रश्नच चुकीचा असतो. हे तपासायला सममित छेद घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंना नेमका ε सोडा, उरलेल्या भागाचं संकलन नीट काढा आणि ε दोन-तीनदा निम्मा करत उत्तरातले फरक बघा.

फरक दर वेळी निम्मा होत असेल तर सगळं ठीक. आपल्या उदाहरणात ०.०२७, मग ०.०१४ असंच झालं. फरक दर वेळी दुप्पट होत असेल तर पोल साधा नाही, दुहेरी आहे. तिथे दोन्ही बाजू एकाच चिन्हाच्या असतात आणि 2g(a)/ε एवढी भर पडते. दोन साधे पोल फार जवळजवळ असतील तरीही ε त्यांच्या अंतरापेक्षा मोठा असेतो असंच दिसतं. अशा वेळी प्रत्येक पोल वेगळा वजा करावा लागतो.

फरक ना घटतो ना वाढतो, प्रत्येक निमेला तेवढाच राहतो, असं दिसलं तर ती लॉगची वाढ आहे. तिची दोन कारणं सहसा सापडतात. एक म्हणजे पोल मध्यंतराच्या टोकावर आहे, त्याला कटायला दुसरी बाजूच नाही, आणि फरक |g(a)|·ln 2 एवढा येतो. दुसरं म्हणजे अंश पोलवर उडी मारतो, डावीकडून एक किंमत आणि उजवीकडून दुसरी. तेव्हा फरक येतो उडीच्या ln 2 पट, म्हणजे आलेल्या फरकाला ०.६९३ ने भागलं की उडी किती मोठी ते थेट कळतं. अंशाला पोलवर नुसता कोपरा असेल, जसा |x − 1| ला असतो, तर मात्र काळजी नाही. डावे आणि उजवे उतार वेगळे असले तरी किंमत एकच असते, विषम भाग पूर्ण कटतो आणि मुख्य मूल्य मिळतं. वजा केल्यानंतरच्या फलनाला तिथे मर्यादित उडी राहते, तेवढी सांभाळायला संकलन पोलवर तोडून दोन तुकड्यांत करा. पोल आधीच बाहेर काढलेला असल्यामुळे आता दोन्ही तुकड्यांना हवे तितके कप्पे द्यायला हरकत नाही.